केमोची गोळी घरात येते तेव्हा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. तीन आठवड्यांच्या सायकलमध्ये त्यांना पहिल्या दिवशी रुग्णालयात एक सलाईन लागतं आणि मग हातात कॅपेसिटाबिनच्या गोळ्या पडतात. पाचशे मिलिग्रॅमच्या तीन सकाळी, तीन रात्री, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. असे 14 दिवस, नंतर 7 दिवस सुट्टी. म्हणजे एका सायकलला 84 गोळ्या. दहाच्या स्ट्रिप मिळतात म्हणून घरात 90 येतात. सहा गोळ्या जास्तीच्या आहेत, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावं. पंधराव्या दिवशी स्ट्रिपमध्ये गोळ्या दिसल्या की 'वाया कशाला घालवायच्या' म्हणून त्या घेतल्या जातात, आणि ज्या आठवड्यात रक्तातल्या पेशी सावरायच्या त्याच आठवड्यात औषध चालू राहतं.

गुलाबीसर रंगाची ही गोळी बीपीच्या गोळीसारखीच दिसते. शरीरात गेल्यावर मात्र तिचं केमोच्या जुन्या, शिरेतून देतात त्या औषधात रूपांतर होतं. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ते घाव घालतं, मग त्या कॅन्सरच्या असोत वा पोटातल्या बाळाच्या. म्हणून गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सुनेने काकूंना गोळ्या काढून देऊ नयेत. मुलाने किंवा काकांनी द्याव्यात, तेही वापरून टाकायचे नायट्राइलचे हातमोजे घालून. मोजे नसतील तर गोळी स्ट्रिपमधून थेट एका छोट्या वाटीत पाडावी, बोट लावू नये. ती वाटी फक्त याच कामाची. काकू स्वतः गोळी घेत असतील तर त्यांना मोजे लागत नाहीत, आधी आणि नंतर साबणाने हात धुतले की पुरे.

अख्ख्या गोळीवर पातळ आवरण असतं, त्यामुळे ती चुकून हाताला लागली म्हणून घाबरायचं कारण नाही. हात धुवावेत. खरा धोका तिच्या भुकटीत आहे. गिळायला जड जाते म्हणून गोळी खलबत्त्यात कुटणारे, मधात कालवणारे प्रेमळ नातेवाईक असतात. कुटताना उडालेली धूळ त्यांच्याच नाकात जाते आणि तोच खलबत्ता दुसऱ्या दिवशी वेलदोड्याला वापरला जातो. गोळी मोडू नये, कुटू नये. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. एखादी फुटलीच तर मोजे घालून ओल्या टिश्यूने टिपून घ्यावी, जागा साबणाच्या पाण्याने पुसावी आणि टिश्यू, मोजे पिशवीत घट्ट बांधावेत.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्यात. गॅसजवळचं फडताळ किंवा मोरीलगतचा कोनाडा नको. बाकीच्या औषधांच्या सकाळ-दुपार-रात्रीच्या डब्यात त्या मिसळू नयेत.

आता नववा दिवस. काकूंनी रात्री साडेआठला गोळ्या घेतल्या आणि वीस मिनिटांत उलटी झाली. घरातले हमखास पुन्हा तीन गोळ्या पुढे करतात. देऊ नयेत. किती औषध पोटात राहिलं हे उलटीकडे बघून कळत नाही, आणि जास्त डोस कमी डोसापेक्षा वाईट. वहीत वेळ लिहावी, सकाळचा डोस नेहमीसारखा घ्यावा आणि रुग्णालयाला फोन करून उलटीचं औषध बदलायला हवं का ते विचारावं. अकराव्या दिवशी सकाळचा डोस राहून गेला आणि दुपारी आठवला, तर तो सोडून द्यावा. रात्री तीनच्या जागी सहा घेऊ नयेत. मग सायकल संपताना 9 गोळ्या उरतात: सहा आधीच्या, तीन चुकलेल्या. हिशेब जुळला. या गोळ्या पुढच्या भेटीला सोबत न्याव्यात.

उलटी साफ करणाऱ्याने, लघवीचं भांडं उचलणाऱ्याने मोजे घालावेत. शेवटच्या गोळीनंतरही निदान दोन दिवस ही काळजी हवी. संडासात भरपूर पाणी ओतावं, कमोड असेल तर झाकण लावून फ्लश करावं, खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. मात्र काकूंचं ताट वेगळं करणं, नातवाला त्यांच्या कुशीत जाऊ न देणं, याची काही गरज नाही. एरवीच आजाराने माणूस एकटा पडतो, त्यात हे घरच्यांनी करू नये.

एक गोष्ट मात्र सकाळपर्यंत थांबणारी नाही. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, रात्री उठून जावं लागलं, ताप 38 अंशांच्या वर गेला, किंवा तळहात-तळपाय सुजून इतके दुखू लागले की पेला धरवत नाही, तर पुढचा डोस न घेता त्याच वेळी रुग्णालयाला फोन करावा. गोळ्या पुन्हा केव्हा आणि किती घ्यायच्या, ते तिथले डॉक्टर ठरवतात. उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्या संडासात किंवा कचऱ्यात न टाकता रुग्णालयाच्या औषधविभागात परत द्याव्यात.