अरुंद नळीत दाब का घटतो?

उज्जैनला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी एका उदाहरणाचा मोबाईलवर फोटो काढून पाठविला. आडव्या नळीचा व्यास १० सेंटिमीटर, पुढे ती अरुंद होऊन ५ सेंटिमीटर होते. रुंद भागात पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि दाब १५० किलोपास्कल. तर अरुंद भागातला वेग व दाब काढा. खाली भाच्याची शंका होती : "मामा, अरुंद जागी पाणी दाटते, मग तिथे दाब वाढायला हवा ना? पुस्तकातले उत्तर तर कमी येते!" ही शंका बहुतेकांना येते, म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम वेग पाहू. पाणी दाबून लहान होत नाही आणि नळीत ते साठूनही राहत नाही. म्हणून एका सेकंदात जितके पाणी रुंद भागातून जाते तितकेच अरुंद भागातून गेले पाहिजे. हेच सातत्याचे समीकरण : A₁v₁ = A₂v₂. येथे A म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, व्यास नव्हे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून वेग चौपट, म्हणजे सेकंदाला ८ मीटर होतो. भाच्याने व्यासांचेच गुणोत्तर घेऊन ४ मीटर धरले होते. ही चूक फार ठिकाणी आढळते.

आता ऊर्जेचा हिशेब मांडू. एक घनमीटर पाणी घ्या. त्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. रुंद भागात त्याची गतिज ऊर्जा ½ × १००० × २² = २,००० ज्यूल होती; अरुंद भागात ती ½ × १००० × ८² = ३२,००० ज्यूल झाली. हे जादा ३०,००० ज्यूल आले कोठून? नळी आडवी असल्यामुळे उंचीचा प्रश्न नाही. तेव्हा ती ऊर्जा दाबाकडूनच आली. मागचे पाणी या घनमीटरला पुढे ढकलताना १,५०,००० ज्यूल कार्य करते. पुढच्या पाण्याला ढकलण्यात त्यापैकी १,२०,००० ज्यूल खर्च होतात आणि उरलेले वेगात जातात. म्हणून अरुंद भागातला दाब १२० किलोपास्कल. पाण्याला वेग घ्यायचा तर मागचा रेटा पुढच्यापेक्षा जास्त हवा. दाब घटतो तो याचसाठी. डॅनियल बर्नुलीने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातल्या विचाराचे हे सार आहे.

मग बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवले की बोटाला रेटा का लागतो? तो रेटा बोटाच्या मागच्या, रुंद भागातल्या पाण्याचा असतो. बोटामुळे एकूण प्रवाह कमी होतो, लांब नळीत घर्षणाने वाया जाणारा दाब वाचतो आणि तोंडाशी मागे जास्त दाब राहतो. फटीतून सुटणाऱ्या धारेचा दाब मात्र बाहेरच्या हवेइतकाच असतो.

नळी आडवी नसेल तर उंचीची ऊर्जाही हिशेबात धरावी लागते. याचे उदाहरण उज्जैनचेच आहे. २०१४ साली सुरू झालेल्या नर्मदा-क्षिप्रा योजनेत नर्मदेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने सुमारे ३५० मीटर वर चढवून क्षिप्रेत सोडले जाते. एवढ्या उंचीसाठी एकूण ३,४०० किलोपास्कलहून अधिक दाब पुरवावा लागतो. सेकंदाला २ मीटर वेगासाठी लागणारा दाब फक्त २ किलोपास्कल! तेव्हा कोणते पद सोडावे हे नळी पाहूनच ठरवावे.

शेवटी एक सावधगिरी. भाच्याच्या फोटोत कडेचा एक शब्द कापला गेला होता. १५० किलोपास्कल हा दाब निरपेक्ष की वातावरणाच्या दाबाहून मोजलेला, ते त्यात होते. वरच्या उदाहरणात दाबातला फरक ३० किलोपास्कलच राहतो, म्हणून बिघडत नाही. पण सुरुवातीचा वेग ५ मीटर घेऊन पाहा. अरुंद भागात वेग २० मीटर होतो आणि दाब १८७.५ किलोपास्कलने घटला पाहिजे. दाब वातावरणाहून मोजलेला असेल तर निरपेक्ष दाब सुमारे २५१ होतो आणि ६४ शिल्लक राहतात. पण १५० हाच निरपेक्ष असेल तर उत्तर ऋण येते, आणि तसे होणे शक्य नाही. त्याआधीच पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊ लागतील आणि आपली समीकरणे लागू राहणार नाहीत. निरपेक्ष दाब ऋण आला की आकडेमोड पुन्हा तपासावी. ती बरोबर असेल तर असा प्रवाह त्या नळीतून होऊच शकत नाही, असे समजावे.

खऱ्या नळीत घर्षणामुळे दाब याहून थोडा जास्तच घटतो. भाच्याला एवढे लिहून कळविले, आणि पुढच्या वेळी फोटो पूर्ण काढ, असेही.