आठ आणे कक्षेला, रुपया सुटकेला

1 डिसेंबर 2013. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मंगळयानाचे इंजिन सुमारे 22 मिनिटे चालले, यानाच्या वेगात सेकंदाला 648 मीटरची भर पडली आणि यान पृथ्वीला कायमचे सोडून निघाले. आता शाळेतले पुस्तक आठवा. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटरचा मुक्तिवेग लागतो, असे त्यात दिलेले असते. मग पाऊण किलोमीटरही न भरणाऱ्या वाढीवर काम कसे भागले?

याचे उत्तर शोधण्याआधी यान कक्षेत टिकून कसे राहते ते पाहू. न्यूटनने एक उंच डोंगर कल्पिला आणि त्याच्या माथ्यावरून आडवा तोफगोळा सोडला. हवा नाही असे धरू. सोडलेली कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात 4.9 मीटर खाली येते, आडवी फेकलेली वस्तूही तितकीच येते. पण पृथ्वी गोल आहे. आडवे सरळ गेलो की जमीन आपल्याखालून खाली वळत जाते. d अंतर गेल्यावर ती साधारण d²/2R इतकी खाली जाते. इथे R म्हणजे पृथ्वीची त्रिज्या, 6,370 किलोमीटर. जमीन 4.9 मीटर खाली जाण्यासाठी किती अंतर जावे लागेल? गणित केले की 7.9 किलोमीटर येते. म्हणजे सेकंदाला 7.9 किलोमीटर वेगाने आडवा गेलेला गोळा जितका पडतो, तितकीच जमीनही त्याच्यापासून दूर वळते. तो पडतच राहतो, पण जमिनीला टेकत नाही. हाच कक्षीय वेग. सूत्रात मांडायचे तर एका सेकंदातले पडणे g/2, म्हणून v² = gR.

आता सुटकेकडे वळू. इथे दिशेचा प्रश्न उरत नाही, सगळा हिशेब ऊर्जेचा असतो. वर जाणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षण मागे ओढत राहते. पण ती जितकी दूर जाते, तितकी ही ओढ मंदावते. केंद्रापासूनचे अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते. ही मंदावणारी ओढ अनंत अंतरापर्यंत जोखून बेरीज केली, तर ती अनंत येत नाही. ती बरोबर mgR येते, म्हणजे जमिनीवरच्या पूर्ण वजनानिशी वस्तू एक पृथ्वी-त्रिज्या उंच उचलण्याइतकी. वस्तूची गतिज ऊर्जा ½mv² एवढी झाली की सुटका होते. म्हणून v² = 2gR, आणि वेग येतो 11.2 किलोमीटर.

न्यूटनच्या नियमानुसार g = GM/R². ते घातले की दोन्ही सूत्रे कोणत्याही अंतराला लागू पडतात: कक्षेसाठी √(GM/r), सुटकेसाठी √(2GM/r). फरक फक्त आतल्या 2 चा आहे. वर्तुळाकार कक्षेत ओढ नेहमी गतीला काटकोनात असते. ती वाट वळवते, पण वेग खात नाही. म्हणून कक्षेत राहायला काहीच मोजावे लागत नाही. सुटणाऱ्याला मात्र ओढीविरुद्ध चढावे लागते आणि प्रत्येक पावलाला वेग गमवावा लागतो. सुटकेची किंमत रुपया धरली, तर कक्षेतल्या उपग्रहाच्या खिशात गतीचे आठ आणे असतात. ऊर्जा दुप्पट हवी, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेग 1.41 पटच लागतो.

मंगळयानाने हा रुपया हप्त्यांनी भरला. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार होती. यान पृथ्वीच्या जवळ आले की इंजिन चालवायचे आणि दूरचे टोक आणखी लांबवायचे, असे नोव्हेंबरमध्ये चालले. एक हप्ता फसलाही. 11 नोव्हेंबरला सेकंदाला 130 मीटरची भर हवी होती, मिळाली 35 मीटरची, आणि दूरचे टोक एक लाखाऐवजी सुमारे 78,000 किलोमीटरवरच राहिले. यान कक्षेतच असल्याने कुठे भरकटले नाही. उरलेली भर दुसऱ्या दिवशी घातली गेली.

शेवटी हे टोक सुमारे 1 लाख 93 हजार किलोमीटरवर गेले. अशा कक्षेत पृथ्वीजवळून जाताना यानाचा वेग सेकंदाला सुमारे 10.8 किलोमीटर भरतो. तिथला मुक्तिवेग, थोड्या उंचीमुळे, 11 किलोमीटरच्या किंचित खाली असतो. म्हणजे सुटायला 200 मीटरही कमी पडत नव्हते. मग 648 कशाला? कारण नेमका मुक्तिवेग गाठलेले यान पृथ्वीपासून दूर जाता जाता जवळजवळ थांबते, त्याच्याकडे शिल्लक काही उरत नाही. मंगळापर्यंत जायचे तर पृथ्वीची ओढ मागे टाकल्यावरही सेकंदाला सुमारे तीन किलोमीटरचा वेग हातात राहायला हवा होता. बाकीची भर त्यासाठी होती.