ऑप्शन्ससाठी महिन्याची वेगळी रक्कम

पगारदार व्यक्तीने ऑप्शन्ससाठी दरमहा ठरवलेली रक्कम गुंतवणुकीत धरायची नसते, खर्चात धरायची असते. ती पूर्ण बुडाली तरी घरातला एकही हप्ता चुकणार नाही, अशीच ती असावी लागते. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला होता. हा आकडा समोर असताना नफा गृहीत धरून घरखर्चाचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे.

एक नमुना हिशेब पाहू. नाशिकमधील एका नोकरदाराच्या हातात महिन्याला 70,000 रुपये येतात. घरखर्चाला 38,000, गृहकर्जाच्या हप्त्याला 14,000 आणि एसआयपी व विम्याला 12,000 जातात. उरतात 6,000. त्यातले 2,000 किरकोळ अडीअडचणींसाठी ठेवले, तर ऑप्शन्ससाठी जास्तीत जास्त 4,000 रुपये निघतात. वर्षाचे 48,000 होतात, आणि ठरवायची खरी गोष्ट हीच: एवढी रक्कम वर्षभरात गेली तर चालेल का? आपत्कालीन निधीत सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये, आधी जमा असायला हवेत. ते जमेपर्यंत ऑप्शन्सची रक्कम शून्यच ठेवावी.

खरी अडचण यानंतर सुरू होते, कारण ऑप्शन सुटा मिळत नाही, लॉटमध्ये घ्यावा लागतो. डिसेंबर 2025 अखेरीस निफ्टीचा लॉट 75 वरून 65 झाला. प्रीमियम 60 रुपये असेल तर एक लॉट 3,900 रुपयांना पडतो. दलाली आणि कर धरले की महिन्याची रक्कम संपली. प्रीमियम 150 रुपये असेल तर लॉटला 9,750 लागतात, म्हणजे तो सौदा आवाक्याबाहेरच राहतो. मग नजर जाते ती मुदत संपण्याच्या दिवशी पाच रुपयांना मिळणाऱ्या, बाजारभावापासून दूरच्या ऑप्शन्सकडे. लॉट 325 रुपयांना मिळतो, त्यामुळे 4,000 रुपयांत बारा लॉट येतात. पण असे बहुतेक ऑप्शन संध्याकाळपर्यंत शून्यावर येतात. ते स्वस्त असतात कारण नफ्याची शक्यताच फार थोडी असते. छोट्या बजेटचे पैसे बहुधा याच वाटेने जातात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे थांबणे. रक्कम न वापरता गेलेला महिना वाया गेला असे मानू नये. उरलेले 4,000 पुढच्या महिन्यात ओढता येतात आणि तीन महिन्यांत 12,000 साठतात. साठ्याची मर्यादा तेवढीच ठेवावी. उलट दिशेने मात्र काही चालू देऊ नये: पुढच्या महिन्याचे पैसे आज वापरायचे नाहीत. तोटा भरून काढायला 20 तारखेला पुन्हा पैसे टाकले, की बजेट मोडले असे समजावे.

भिंत मनात असून भागत नाही, ती बँकेत असावी लागते. डीमॅट-ट्रेडिंग खात्याला पगाराचे खाते न जोडता वेगळे बचत खाते जोडावे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी त्यात 4,000 आपोआप वळते व्हावेत. न वापरलेला निधी दलालाने ठरावीक काळाने ग्राहकाच्या बँक खात्यात परत करणे सेबीने बंधनकारक केले आहे. ग्राहकाला मासिक किंवा तिमाही पर्याय असतो, त्यात मासिक निवडावा. म्हणजे पैसे ट्रेडिंग खात्यात पडून मोहात पाडत नाहीत. नफ्याचे पैसे मात्र बचतीत हलवावेत. ते तिथेच राहिले तर सौद्यांचा आकार वाढत जातो आणि 4,000 ची मर्यादा नावापुरती उरते.

ही मर्यादा फक्त ऑप्शन विकत घेणाऱ्यालाच लागू पडते. त्याचा तोटा प्रीमियमपुरता असतो. ऑप्शन लिहिणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, मोठे मार्जिन लागते आणि तोटा प्रीमियमच्या कितीतरी पट होऊ शकतो. मार्जिनसाठी म्युच्युअल फंड तारण ठेवण्याची सोय असते. तिथेच बचत आणि सट्टा यांच्यातली भिंत पडते, कारण तोटा भरता आला नाही तर तारण विकले जाते. एकेका कंपनीच्या शेअरवरचे ऑप्शनही या बजेटसाठी नकोत. नफ्यातला कॉल मुदतीपर्यंत ठेवला तर शेअर प्रत्यक्ष घ्यावे लागतात, आणि त्याला लाखो रुपये लागू शकतात.

कराचा हिशेबही वेगळा असतो. या व्यवहारांचे उत्पन्न व्यवसायाचे मानले जाते, त्यामुळे साध्या पगारदाराचे विवरणपत्र चालत नाही. तोटा पगारातून वजा करता येत नाही. तो आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.