‘पण नंबर कितवा?’ : एका पत्राचे तीन खर्डे

दिवाळीच्या सुट्टीत बारामतीला घरी गेले, तर मामीनं दारातच पकडलं. मामी इंदापूर रस्त्यावरच्या एका खासगी मराठी शाळेत चौथीला शिकवते. ‘‘तू पत्रकारिता शिकतेस ना? मग आमच्या पालकांना कळेल असं एक पत्र लिहून दे.’’ विषय असा, की दर शनिवारची पाठांतराची चाचणी बंद होणार आणि दुसऱ्या सत्रापासून वर्षभर चालणारं मूल्यमापन ‘खऱ्या अर्थानं’ सुरू होणार.

‘खऱ्या अर्थानं’ हे मामीचेच शब्द. कारण नियम काही नवा नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला राज्यानं ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना’चा शासन निर्णय काढला. मी तेव्हा दुसरीत होते. प्रगतिपुस्तकावर टक्क्यांच्या जागी ‘अ-२’ बघून आमच्या आजोबांनी विचारलं होतं, ‘‘हा काय, गाडीचा नंबर का?’’ मामीच्या शाळेत इतकी वर्षं श्रेणी छापली जात होती, पण ती ठरत होती शनिवारच्या चाचणीवरूनच. प्रश्न पुस्तकातले, उत्तरं वहीतली, शब्दन् शब्द.

पहिला खर्डा मी शासन निर्णय समोर ठेवून लिहिला. मामांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, ‘‘हे शाळेनं पाठवलंय का तहसीलदारानं?’’ फाडला.

दुसऱ्यात गुणांचा हिशेब मांडला. चौथीत प्रत्येक विषयाचे १०० गुण. त्यातले ६० आकारिक, म्हणजे मूल शिकत असतानाच बघायचे : तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी वगैरे. उरलेले ४० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी. त्यात १० तोंडी-प्रात्यक्षिकाचे आणि ३० लेखी पेपरचे. पहिली-दुसरीत हे प्रमाण ७०-३० आहे, सातवी-आठवीत उलटून ४०-६० होतं. म्हणजे परीक्षा गेलेली नाही, तिचं वजन वयानुसार बदलतं. हा खर्डा शेजारच्या काकूंना दाखवला. त्यांची मुलगी मामीच्याच वर्गात आहे. काकूंनी शांतपणे सगळं वाचलं आणि विचारलं, ‘‘ते झालं गं. पण नंबर कितवा, ते कसं कळायचं?’’

मग मामीनं तिची नोंदवही काढली आणि गेल्या महिन्यातली एक गोष्ट सांगितली.

वर्गातली एक मुलगी शनिवारच्या गणितात कायम २० पैकी १८-१९. पुस्तकातली उदाहरणं तिला उत्तरांसकट पाठ. एकदा मामीनं पुस्तकाबाहेरचं विचारलं : आईकडं ४०३ रुपये होते, बाजारात १५७ खर्च झाले, किती उरले? मुलीनं लिहिलं ३५४. चाचणीत यावर एक लाल फुली पडली असती आणि विषय संपला असता. मामीनं विचारलं, ‘‘कसं केलंस, सांग बघू.’’ मुलगी म्हणाली, ‘‘सातातून तीन गेले चार, पाचातून शून्य गेला पाच, चारातून एक गेला तीन.’’ प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा! वर कोणता अंक आणि खाली कोणता, याच्याशी तिला देणंघेणंच नव्हतं. पुस्तकातली उत्तरं पाठ होती म्हणून हे महिनोन्महिने लपून राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामीनं खेळण्यातल्या नोटा दिल्या. शंभराच्या चार, दहाची एकही नाही, एकाची तीन नाणी. ‘‘यातून सात रुपये दे.’’ नाणी तीनच, दहाची नोट नाही. मुलगी थांबली, मग स्वतःच म्हणाली, ‘‘बाई, शंभराचे सुट्टे द्या.’’ शंभराच्या दहा नोटा झाल्या, त्यातल्या एकीची दहा नाणी झाली. आता हातात तीन शंभराच्या, नऊ दहाच्या आणि तेरा नाणी. १५७ दिले, उरले २४६. मग मामीनं ताळा करायला लावला : ३५४ आणि १५७ मिळवले तर ५११ होतात. ‘‘४०३ घेऊन गेलीस आणि ५११ झाले?’’ मुलगी हसली. आठ दिवसांनी ५०२ मधून २७८ वजा करायला दिले, नोटांशिवाय. उत्तर बरोबर आलं, २२४.

वहीत नोंद एवढीच : ‘दशकस्थानी शून्य असेल तर मोठ्या अंकातून लहान वजा करते. नोटांचे सुट्टे करून समजले. ८ दिवसांनी पुन्हा पाहिले, जमले.’

तिसरा खर्डा मी या गोष्टीवर लिहिला, मुलीचं नाव काढून. ‘आपण चाचणी बंद करतो आहोत, कारण चाचणीत ही मुलगी हुशार होती आणि तिची अडचण आम्हाला दिसत नव्हती,’ हे पत्रातलं पहिलं वाक्य. काकूंनी ते दोनदा वाचलं. मुलगी त्यांचीच होती, हे मला नंतर कळलं.

मामीनं पत्रात एक परिच्छेद घालायला लावला, तो मला सुचलाच नसता. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी मुलं दिवाळीनंतर वर्गात दाखल होतात आणि हंगाम संपला की निघून जातात. पहिल्या सत्राचा पेपर ते येण्याआधी झालेला असतो, वार्षिक परीक्षेआधी ते गेलेले असतात. मधल्या चार-पाच महिन्यांत ते काय शिकले, हे सांगणारी एकच गोष्ट असते : बाईंची नोंद.

पण ही नोंदच या पद्धतीची दुखरी बाजू आहे. ‘वर्णनात्मक नोंदीं’ची तयार पुस्तकं दुकानात मिळतात. ‘अभ्यासात विशेष रुची दाखवतो’ हे वाक्य माझ्या प्रगतिपुस्तकावर होतं, माझ्या भावाच्याही होतं आणि तो दप्तर उघडत नसे. प्रकल्पांचंही तेच, थर्माकोलचा ज्वालामुखी रात्री अकरा वाजता बाबा चिकटवत असतात. पालकांनी ओळखायचं कसं? मामीचं उत्तर मी जसंच्या तसं पत्रात घातलं : ‘नोंदीत मुलाचं नाव बदलून बघा. तरीही ती खरी वाटली, तर ती तुमच्या मुलाची नोंद नाही. आम्हाला येऊन विचारा.’ स्वतःच्याच शाळेविरुद्ध पालकांच्या हातात काठी देणारी मामी मला भारी वाटली. मुख्याध्यापकांना तितकीशी नाही, पण वाक्य राहिलं.

चाळीस मुलांच्या वर्गात रोज प्रत्येकाबद्दल लिहिणं शक्य नाही, हेही पत्रात आहे. मामी रोज पाच-सहा मुलं ठरवून बघते. आठवड्या-दीड आठवड्यात वर्ग पूर्ण होतो. आणि पुढच्या वर्षाची सूचनाही आहे. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ पासून राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झालं तर पुरवणी परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. शिष्यवृत्तीचा पेपर वेगळाच. त्यामुळं सलग बसून पेपर लिहायची सवय शाळा लावणारच आहे, फक्त दर शनिवारी नाही.

पत्राखाली सहीची चिठ्ठी होती, ‘काही शंका असल्यास लिहा’ म्हणून. बऱ्याचशा नुसत्या सह्या होऊन परत आल्या. एकीवर निळ्या पेननं लिहिलं होतं, ‘मॅडम सगळं कळालं. पण नंबर कितवा?’ मामीनं त्या वडिलांना फोन करून शनिवारी नऊ वाजता बोलावलंय. चाचणीची वेळ आता मोकळीच आहे, म्हणाली, वही दाखवते त्यांना.