तापलेला सांधा ओळखताना

३३ केव्हीच्या एका फीडरचा आयसोलेटर घेऊ. तिन्ही फेजचे क्लॅम्प डोळ्यांना सारखेच दिसतात. थर्मल कॅमेरा मात्र आर आणि बी फेजचे क्लॅम्प ४० अंश सेल्सियसवर, तर वाय फेजचा ६४ अंशांवर दाखवतो. ६४ अंश हा आकडा एकटा फारसं सांगत नाही, कारण उन्हाळ्यात निरोगी क्लॅम्पही बराच तापतो. महत्त्वाचा आहे तो २४ अंशांचा फरक. तिन्ही फेजना हवा तीच आणि प्रवाह जवळपास तेवढाच असताना एकच क्लॅम्प जास्त तापला, म्हणजे दोष त्या सांध्यातच आहे.

बोल्ट सैल झाला किंवा ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढला, की सांध्याचा रोध वाढतो आणि तिथे उष्णता निर्माण होते. क्लॅम्पपासून दूर जाताना तार थंड होत गेलेली दिसली, तर ही शंका पक्की होते. पूर्ण फेज सारखाच गरम असेल, तर आधी तिन्ही फेजचा भार तपासावा.

अमेरिकेतील नेटा या संस्थेच्या तक्त्यानुसार, सारख्या भागांत १ ते ३ अंशांचा फरक ही केवळ शंका, ४ ते १५ अंश म्हणजे दोषाची दाट शक्यता आणि १५ अंशांहून जास्त फरक म्हणजे तातडीची दुरुस्ती. पण त्या वेळी भार किती होता, हे विचारल्याशिवाय तातडी ठरवता येत नाही. आपली पाहणी २०० अँपियरवर झाली आणि संध्याकाळी हाच फीडर ३०० अँपियरवर जातो, असं धरू. उष्णता प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. त्यामुळे प्रवाह दीडपट झाला, की २४ अंशांचा फरक सव्वादोनपट, म्हणजे ५४ अंशांपर्यंत जाऊ शकतो. तापलेला भाग हवेत जास्त उष्णता सोडतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक थोडा कमी भरतो. तरीही हा सांधा पुढच्या नियोजित शटडाउनपर्यंत ठेवण्यासारखा नाही.

कॅमेराही फसतो. नवं, चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता कमी उत्सर्जित करतं आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतं, त्यामुळे गरम क्लॅम्पही थंड भासतो. जोराचा वारा फरक झाकून टाकतो आणि ऊन खोटा फरक दाखवतं. म्हणून उघड्या यार्डातली पाहणी वारा कमी असताना, सूर्यास्तानंतर आणि पुरेशा भारावर करणं बरं. सर्ज अरेस्टरसारख्या बंद उपकरणांना वरचा तक्ता लावू नये. तिथे दोष आत असतो आणि बाहेर एक-दोन अंशांचाच फरक दिसतो, पण तो गंभीर असू शकतो.

सांधा सापडला, की केवळ बोल्ट आवळून भागत नाही. लाईन बंद करून, अर्थिंग करून क्लॅम्प उघडावा, पृष्ठभाग वायर ब्रशने घासावेत, कॉन्टॅक्ट ग्रीस लावावं आणि टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंतच आवळावं. जास्त आवळलं तर मऊ ॲल्युमिनियम दबतं आणि सांधा पुन्हा सैल होतो. काम झालं की तेवढ्याच भारावर पुन्हा कॅमेरा धरावा. वाय फेज आर आणि बी फेजच्या बरोबरीला आला, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असं मानावं.