दिवा लागला नाही म्हणजे फिल्टर चांगला?

मे महिन्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालू असताना मीटर बोर्डवर एअर फिल्टरचा दिवा लागतो. बांधाजवळ वळताना रेस कमी केली की विझतो. ‘सेन्सर खराब आहे,’ असं म्हणून ड्रायव्हर पुढच्या तासाला लागतो. सेन्सर मात्र ठणठणीत असतो. हा दिवा धूळ मोजत नाही. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत हवेची ओढ किती वाढली, एवढंच तो सांगतो. रेस आणि लोड वाढला की इंजिनाला हवा जास्त लागते, चोंदलेल्या फिल्टरमधून ती मिळत नाही आणि ओढ वाढते. रेस कमी झाली की ओढही कमी. म्हणून हा दिवा तपासायचा तर पूर्ण रेसवर, आणि तिथे तो लागत असेल तर फिल्टर भरला आहे असं समजावं.

याहून घातक समज उलटा आहे: दिवा लागत नाही, म्हणजे फिल्टर चांगला. फिल्टरचा कागद फाटला किंवा तोंडाचं रबर नीट बसलं नाही, तर हवा सहज आत शिरते, ओढ वाढतच नाही आणि दिवा कधीच लागत नाही. सगळी धूळ सिलिंडरमध्ये जाते. लायनर आणि रिंगा झिजतात, ब्रीदरमधून धूर येऊ लागतो, इंजिन ऑइल खाऊ लागतं. हे वेळीच ओळखता येतं. इंजिन बंद करून फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर कुठून तरी न गाळलेली हवा जात आहे. मग फिल्टर अंधारात न्या आणि आत बॅटरी लावून बाहेरून बघा. टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी तो फिल्टर बाद.

हा कागद बहुतेक वेळा आपणच फाडतो. रोज संध्याकाळी फिल्टर काढून टायरवर आपटायचा, नाहीतर पंक्चरवाल्याकडच्या हवेचा पूर्ण जोर बाहेरून मारायचा, याला आपण काळजी म्हणतो. हवा मारायचीच तर आतून बाहेर, साधारण 30 पीएसआयच्या आत आणि नळी कागदापासून लांब धरून. कोरड्या फिल्टरच्या आत आणखी एक छोटा फिल्टर असतो, तो कधीच साफ करायचा नाही, बदलायचा. बाहेरचा नवा बसवूनही दिवा राहिला, तर बहुधा आतला चोंदलेला असतो. रोज करायचं काम एवढंच, की एअर क्लीनरच्या तळाशी असलेलं रबरी तोंड दाबून साचलेली धूळ पाडायची.

डिझेलमधल्या पाण्याच्या दिव्याबद्दल ‘पंपावाल्याने भेसळ केली’ हे ठरलेलं वाक्य. तसं कधी होतही असेल, पण पाणी घरीही तयार होतं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन डिझेलखाली बसतो. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि बुचातून झिरपतं. डिझेलमधून वीज जवळजवळ जात नाही, पाण्यातून जाते. सेपरेटरच्या तळाचा सेन्सर यावरच चालतो. पाणी त्याच्या उंचीपर्यंत आलं की दिवा लागतो. दिवा लागला की इंजिन बंद करून तळाचा कॉक सैल करावा आणि काचेच्या बाटलीत काढून बघावं. खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर स्पष्ट दिसतात. निव्वळ डिझेल येईपर्यंत काढावं, कॉक आवळावा आणि हातपंपाने एअर काढावी. 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना आलेल्या नव्या प्रदूषण नियमांमुळे त्यांत बहुतेक कॉमन रेल इंजिनं आली. त्यांचे इंजेक्टर इतके बारीक असतात, की ‘रान संपवून बघू’ हे त्यांना परवडत नाही.

हायड्रॉलिक फिल्टरचा दिवा थंडीत पहाटे लागून ऑइल गरम झाल्यावर विझला, तर घाबरू नये. गार ऑइल घट्ट असतं. गरम झाल्यावरही राहिला, तर मात्र फिल्टर बघावा. चिखलणीनंतर डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरलं आहे, आणि त्यासाठी वेगळा दिवा बहुतेक ट्रॅक्टरांत नसतो.

राहिला तासांचा मीटर. जुन्या केबलच्या मीटरमधला तास घड्याळाचा नसतो, तो इंजिनाच्या फेऱ्यांचा असतो. समजा तो 1500 फेऱ्यांवर बसवलेला आहे. मग कारखान्याच्या रांगेत उसाची ट्रॉली घेऊन 750 वर चार तास इंजिन चालू राहिलं, तर मीटर दोनच तास दाखवेल. डिजिटल मीटर सहसा चारही धरतो. सर्व्हिसची आठवणही फक्त तास मोजते, ऑइल बदललं की नाही हे तिला कळत नाही. बटण दाबून ती घालवता येते, ऑइल तेच राहतं. म्हणून ऑइल बदलताना फिल्टरवरच मार्करने तारीख आणि मीटरचा आकडा लिहावा. वर्षभरात पुस्तिकेतले तास भरले नाहीत, तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावं.