चारचौघांत आवाज चढला, मग माफी कशी मागायची?

मार्च 2017. मेलबर्नचा कार्यक्रम आटोपून कपिल शर्मा आणि त्याचे सहकलाकार विमानाने परतत होते. वाटेत कपिल आणि सुनील ग्रोव्हर यांच्यात वाजलं, तेही सगळ्या चमूसमोर. बातम्या झाल्यावर कपिलने ट्विटरवर सुनीलला उद्देशून लिहिलं. नकळत दुखावलं असेन तर सॉरी, माझं तुझ्यावर किती प्रेम आहे तुला ठाऊक आहे, मलाही वाईट वाटतंय, असा त्याचा मथितार्थ. सुनीलने उत्तर दिलं, पण ते कपिलला अपेक्षित असावं तसं नव्हतं. हो, तू मला खोलवर दुखावलंस, असं त्याने स्वच्छ लिहिलं. कुणी चूक दाखवली तर त्याला शिव्या देऊ नयेत आणि केवळ योगायोगाने सोबत प्रवास करणाऱ्या बायकांसमोर तशी भाषा वापरू नये, हेही सुनावलं. सुनील त्या कार्यक्रमातून बाहेर पडला. दोघे पुन्हा एकत्र कार्यक्रम करताना दिसले ते थेट 2024 मध्ये, नेटफ्लिक्सवर.

कपिलच्या मजकुरात सॉरी होतं, प्रेमही होतं. आपण नेमकं काय केलं, हे मात्र कुठेच नव्हतं. ‘नकळत’ आणि ‘असेन तर’ या दोन शब्दांनी निसटायला दोन वाटा ठेवल्या होत्या. सुनीलच्या उत्तराने तीच गाळलेली जागा भरली: काय बोललास आणि कुणासमोर बोललास.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक वेगळे काढून 755 लोकांपुढे ठेवले होते. लोकांना सर्वांत जास्त पटली ती जबाबदारीची कबुली, म्हणजे ‘चूक माझी’ हे म्हणणं. त्याखालोखाल नुकसान भरून काढण्याची तयारी. ‘मला क्षमा करा’ ही विनवणी सर्वांत कमी कामाची ठरली. आपण बहुतेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

आता एखाद्या ठाणेकर कंपनीतला प्रसंग घेऊ. आढावा बैठकीत सात-आठ जण बसलेत. सेल्सचा टीम लीड अकाउंट्सच्या मॅडमना म्हणतो, ‘साधं एक बिल वेळेत पास होत नाही तुमच्याकडून?’ मॅडम उसळतात, आवाज चढतात, बाकीचे लॅपटॉपमध्ये तोंड घालतात. संध्याकाळी तो व्हॉट्सॲपवर लिहितो:

‘मॅडम, सकाळी वाईट वाटलं असेल तर सॉरी. वरून प्रेशर होतं आणि बिलही खरंच अडकलं होतं. प्लीज मनावर घेऊ नका.’

यात पहिल्या वाक्यात शंका आहे, दुसऱ्यात भांडण पुन्हा सुरू झालंय आणि तिसऱ्यात काम मॅडमना लावलंय. हाच मेसेज असाही लिहिता येतो:

‘मॅडम, आज बैठकीत सगळ्यांसमोर मी आवाज चढवला आणि साधं एक बिल पास होत नाही असं म्हणालो. ते चुकलं माझं. तुमची हरकत नसेल तर उद्या बैठक सुरू होताना मी हे सगळ्यांसमोर सांगेन. बिलाचं नंतर वेगळं बोलू. उत्तराची घाई नाही.’

आपलेच शब्द पुन्हा लिहिताना हात अडखळतो, पण त्यामुळेच समोरच्याला कळतं की याला नेमकं काय लागलं ते समजलंय. अर्थात शिवी दिली असेल तर ती पुन्हा टाइप करायची नाही. ‘अपशब्द वापरला’ एवढं पुरतं. आणि बिलाबद्दलचं म्हणणं त्याने मागे घेतलेलं नाही, हेही बघा. बिल खरंच रखडलं असेल तर तो मुद्दा उभाच आहे. माफी आहे ती बोलण्याच्या पद्धतीची.

अपमान सगळ्यांसमोर झाला, म्हणून माफी फक्त खासगीत मागून भागत नाही. पण आधी विचारायला हवं, कारण काहींना तो विषय पुन्हा चव्हाट्यावर नको असतो. ग्रुपवर ‘सॉरी टीम’ टाकणं हा त्यातला सोपा आणि फसवा मार्ग. ज्यांचा अपमान झालाच नाही, त्यांचीही त्यात माफी मागितली जाते आणि मॅडम गर्दीत हरवतात.

वेळेचंही तसंच. बाचाबाचीनंतर दहा मिनिटांत आलेलं सॉरी विषय मिटवण्यासाठी वाटतं. फ्रान्ट्झ आणि बेनिगसन यांच्या 2005 मधल्या अभ्यासात उशिरा मागितलेल्या माफीने जास्त समाधान झाल्याचं दिसलं, कारण तोवर दुखावलेल्याला आपलं ऐकलं गेलंय असं वाटलेलं असतं. ऑफिसमध्ये मात्र फार ताणता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा समोरासमोर यायचं असतं. संध्याकाळ बरी.

मॅडमनी ‘बैठकीत नको’ असं कळवलं, तर टीम लीडने बैठकीत गप्प बसावं. पण चहाच्या वेळी एखादा सहकारी ‘काय राव, काल चांगलीच जिरवलीस’ म्हणाला, तर ‘नाही, काल चुकलो मी’ एवढं त्याला तिथल्या तिथे म्हणता येतं.